मदत हवी आहे: एका वाक्यातली ओळख 'लोंबतेय' म्हणे, म्हणजे काय?

कड्यावरचा_गणू: गडांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे, प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य. मजकूर तपासणाऱ्या ताईंनी तीन वाक्यांवर 'सुरुवात लोंबतेय' असा शेरा मारून परत पाठवलं. उद्या दुपारी छपाईला जायचंय. कसं दुरुस्त करू?

सोनचाफा: वाक्य कुठंय? शेरा वाचून काय सांगणार आम्ही?

कड्यावरचा_गणू: हे घ्या एक: 'मोरोपंत पिंगळ्यांकडून १६५६ मध्ये बांधून घेऊन प्रतापगडाने जावळीच्या खोऱ्यावर नजर ठेवली.' माहिती बरोबर आहे, तपासलीय.

निवृत्त_मास्तर: माहिती बरोबर, वाक्य चूक. 'बांधून घेऊन' कोणी? तुमच्या वाक्यात प्रतापगडाने. गडाने स्वतःलाच बांधून घेतलं! '-ऊन'वालं क्रियापद पुढच्या क्रियेच्या कर्त्याच्या गळ्यात पडतं. बांधून घेणारे शिवाजी महाराज, आणि ते वाक्यात कुठेच नाहीत.

खमंग_फोडणी: माझ्या पाककृतींतही हेच होतं. 'कांदा बारीक चिरून कढई गरम होते' असं मी लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, कढईला सुरी कुणी दिली? :D

अनुस्वार_शोधक: 'लोंबतेय' असं लिहू नये, 'लोंबते आहे' लिहावं. बाकी चालू द्या.

सोनचाफा: सरळ दोन वाक्यं करा. गड महाराजांनी बांधून घेतला. त्याने खोऱ्यावर नजर ठेवली. संपलं.

कड्यावरचा_गणू: एकच वाक्य, असं वर लिहिलंय ना! जास्तीत जास्त २५ शब्द. आणि फोटोवर मोठ्या अक्षरात 'प्रतापगड' आहेच.

निवृत्त_मास्तर: हे आधी सांगायचं ना. मग दोन वाटा. कर्ता आणायचा असेल तर: 'मोरोपंत पिंगळ्यांकडून १६५६ मध्ये हा गड बांधून घेऊन शिवाजी महाराजांनी जावळीच्या खोऱ्यावर नजर ठेवली.' पण मग वाक्य महाराजांचं होतं, फोटो मात्र गडाचा. म्हणून मी '-ऊन' काढून ते गडाचं विशेषण करीन: 'शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकडून १६५६ मध्ये बांधून घेतलेला हा गड जावळीच्या खोऱ्यावर नजर ठेवून होता.' आता सुरुवातीचे सगळे शब्द 'हा गड'ला जाऊन चिकटतात.

कड्यावरचा_गणू: दुसरं आवडलं. मग दुसऱ्या फोटोला तेच केलं: 'जावळीच्या जंगलाने वेढलेल्या मोरोपंत पिंगळ्यांनी बांधलेल्या प्रतापगडावरचा सूर्योदय.'

सोनचाफा: बिचारे मोरोपंत, जंगलाने वेढले गेले :D

निवृत्त_मास्तर: ही निराळी खोड. 'वेढलेला' असतं तर गड की माणसं, हे रूपावरून कळलं असतं. 'वेढलेल्या' झालं की लिंग-वचन लपतं आणि वाचणारा पहिल्या नामाला ते चिकटवतो. क्रम उलटा करा: 'मोरोपंत पिंगळ्यांनी बांधलेल्या, जावळीच्या जंगलाने वेढलेल्या प्रतापगडावरचा सूर्योदय.' जंगल गडाच्या शेजारी आलं की भानगड मिटते. नुसता स्वल्पविराम टाकून मिटत नाही, प्रदर्शनात लोक चालता चालता वाचतात.

रानवाट: म्हणजे कर्ता नसला की वाक्य चूक. मग 'रायगडाच्या पायऱ्या चढताना महादरवाजा दिसतो' हेही चूकच. दरवाजा थोडाच पायऱ्या चढतो?

निवृत्त_मास्तर: नाही, हे चालतं. 'दिसतो' म्हटलं की 'आपल्याला' हे न लिहिताही असतं, आणि चढणारे आपणच. 'मला पत्र वाचून आनंद झाला' तसंच. पण 'पायऱ्या चढताना महादरवाजा दोन बुरुजांमध्ये उभा आहे' लिहा, लगेच खटकेल. 'उभा आहे'मध्ये पाहणारा कुणीच नाही.

रानवाट: मला ते खटकत नाही. आमच्याकडे सर्रास असंच बोलतात. 'घरी जाताना पाऊस होता' म्हटल्यावर पाऊस घरी गेला असं कोण समजतं?

सोनचाफा: बोलण्यात चालतं, पाटीवर नाही.

रानवाट: तो नियम तुमचा.

निवृत्त_मास्तर: रानवाट, '-ताना'ला थोडी सैल लगाम आहे, मान्य. '-ऊन'ला नाही. पण 'पाऊस पडून चिखल झाला' बिनधास्त लिहा, तिथे पडणारा पाऊस वाक्यातच आहे. गणू, तिसरं वाक्य?

कड्यावरचा_गणू: तिसरं तेच, महादरवाज्याचं. 'पायऱ्या चढून महादरवाजा उंच बुरुजांमध्ये उभा आहे.'

खमंग_फोडणी: 'पायऱ्या चढल्यावर उंच बुरुजांमधला महादरवाजा समोर येतो' कसं वाटतं?

कड्यावरचा_गणू: भारी! तिन्ही ताईंना पाठवली.

कड्यावरचा_गणू: उत्तर आलं. मोरोपंतांच्या दोन्ही ओळी पास. तिसऱ्यावर नवा शेरा: 'चढल्यावर कोण?' मास्तर, आता?

रानवाट: ताईंना माझ्याकडे पाठवा.

अनुस्वार_शोधक: 'महादरवाज्याचं' की 'महादरवाजाचं'? त्यावर आधी बोलू.