मदत हवी आहे: मंगल कार्यालयाने डिपॉझिटमधून 16,800 कापले, तपशील कसा मागावा? (सोलापूर)

मधला_भाऊ

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात केलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. भाड्याची पावती वेगळी आणि 25,000 रुपये डिपॉझिटची पावती वेगळी. डिपॉझिटच्या पावतीवर 'परत मिळणारी अनामत' असं स्पष्ट छापलंय. पैसे वडिलांच्या खात्यातून ऑनलाइन गेलेत, त्यामुळे तो पुरावा आहे.

आठवडाभर "मालक गावाला गेलेत" ऐकल्यावर मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीचा मेसेज आला: "डॅमेज व इतर 16,800. शिल्लक 8,200 ऑफिसला येऊन सही करून न्या." काय फुटलं, किती फुटलं, 'इतर' म्हणजे काय, काहीच नाही. फोनवर विचारलं तर म्हणतात, फॉर्मच्या मागे नियम वाचा. तिथे छापलंय: नुकसानभरपाई अनामतीतून वजा होईल आणि व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.

खरंच काही फुटलं असेल तर द्यायला आमची ना नाही. पण यादी न बघता 16,800 कसे सोडायचे? वडील म्हणतात, लग्न नीट पार पडलं, आता वाद नको. पत्र कसं लिहावं आणि आधी जाऊन ते 8,200 घ्यावेत का, एवढं सांगा.

सडेतोड

सरळ पोलिसात जा, फसवणुकीची तक्रार द्या. डिपॉझिट सात दिवसांत परत करायचं असा कायदाच आहे. आणि डिपॉझिटमधून एक रुपयाही कापता येत नाही.

पार्कचौक

आमचंही असंच झालं होतं. करोनात लग्न रद्द झालं, तर हॉलवाल्याने ॲडव्हान्स बुडवला. पुढची तारीख घ्या म्हणाला. तुम्ही तारीख का बदलून घेत नाही?

मधला_भाऊ

@पार्कचौक दादा, लग्न होऊन गेलं हो! पाहुणे जेवून घरी पोचले. रद्द करण्याचा विषय नाही, फक्त डिपॉझिटचा आहे.

होटगीरोड

ग्राहक तक्रारींचं काम बरीच वर्षं केलंय, त्या अनुभवावरून लिहिते.

सडेतोड, सात दिवसांचा असा कायदा नाही. मुदत तुमच्या फॉर्मवर लिहिलेली असेल तर ती, नसेल तर वाजवी वेळ. आणि ठरलेलं असेल तर खऱ्या नुकसानीची रक्कम कापता येते. पोलीस हे दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतील. तेव्हा तो रस्ता सोडा.

मधल्या भाऊ, 'निर्णय अंतिम' या ओळीला घाबरू नका. मालकाने स्वतःच्या फॉर्मवर तसं छापलं म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. डिपॉझिट तुमचं आहे, त्यांनी ते सांभाळायला घेतलंय. त्यातून कापायचं असेल तर नुकसान झालं, ते तुमच्या कार्यक्रमात झालं आणि त्याची किंमत एवढी, या तिन्ही गोष्टी त्यांनी दाखवायच्या. तुमच्याकडून काही फुटलं नाही हे तुम्ही सिद्ध करत बसायचं नाही.

8,200 चा मोह आहे, पण 'सही करून न्या' यातच गोम असते. त्या कागदावर बहुतेक 'संपूर्ण हिशोब मिळाला, तक्रार नाही' असं लिहिलेलं असतं. एकदा सही केली की उरलेल्या रकमेवर बोलणं अवघड जातं. त्यांना सांगा, ज्या रकमेवर वाद नाही ती खात्यात टाका. सही करायचीच वेळ आली तर त्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहा: 'उर्वरित रकमेचा हक्क राखून, हरकतीसह 8,200 मिळाले.' आणि त्याचा फोटो काढा.

पत्र साधं असू द्या, रागाचं नको. हे वापरा:

*प्रति, व्यवस्थापक. विषय: परतावा अनामत रु. 25,000 व कपातीचा तपशील मिळणेबाबत. अमुक तारखेच्या कार्यक्रमासाठी पावती क्रमांक अमुकने अनामत भरली होती. आपण 16,800 रुपये कापत असल्याचे कळवले, परंतु तपशील दिला नाही. प्रत्येक कपातीबाबत वस्तू, संख्या, नुकसानीचे स्वरूप, फोटो, आकारलेला दर, दुरुस्तीचे किंवा खरेदीचे बिल आणि वस्तू ताब्यात देताना-घेताना सही झालेली यादी द्यावी. वापराचे पैसे (लाईट, जनरेटर, सफाई) नुकसानीपासून वेगळे दाखवावेत. वाद नसलेली रक्कम आताच खालील खात्यात जमा करावी. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत तपशील किंवा पूर्ण अनामत न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागू.*

सही वडिलांची हवी, पावती त्यांच्या नावावर असेल तर. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याची नोंद काढून ठेवा, त्याच पत्राचा फोटो मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. 15 दिवस हा कायद्याचा आकडा नाही, फक्त व्यवहारात चालतो.

टोप_परात

मी केटरिंगवाला. चार कार्यालयांशी रोजचा संबंध येतो, म्हणून दुसरी बाजू सांगायलोय. बगा, भांडी कमी निघतातच. वाट्या खरकट्यासंगट कचऱ्यात जातात, चमचे वाढप्याच्या खिशात. मालक खोटं बोलायलेत असं धरून चालू नका. पण त्यासाठी भांडी वही असती. भांडी देताना मोजून आचाऱ्याची सही घेत्यात, सकाळी भरून घेतानाबी मोजून सही. तुमच्या आचाऱ्याला विचारा, त्याच्याकडं कार्बन कॉपी असणार. मालकाच्या आकड्याआधी ती मिळवा.

लाईटचं पण तसंच. हॉल ताब्यात घेताना मीटरचं रीडिंग लिहून घेत्यात. तुमच्या फॉर्मवर बगा.

मधला_भाऊ

पत्र गेलं, नंतर यादी आली! हाताने लिहिलेली, पण आली. लाईट 155 युनिट 18 च्या दराने 2,790. सफाई 3,000. वाट्या 41 कमी, 60 च्या दराने 2,460. गाद्या 3 खराब, 850 प्रमाणे 2,550. स्टेजचं कार्पेट जळालं 6,000. बेरीज बरोबर 16,800.

आचाऱ्याची कॉपी मिळाली. 600 वाट्या नेल्या, 582 परत. म्हणजे 18 कमी, 41 नाहीत. मीटरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रीडिंगवर माझ्या मामांची सही आहे, युनिट जुळतात. भाड्याच्या पावतीत मात्र 'सफाई 2,000' आधीच घेतलेले दिसतात.

टोप_परात

टोप_परात म्हणतो ते खरं निघालं की नाही! 60 रुपयाला छोटी वाटी जास्तच वाटती मला, पण त्यावर भांडत बसू नका. 18 गुणिले 60 करून 1,080 द्या.

होटगीरोड

आता एकेक बघू. लाईट तुम्ही मान्य करा, फक्त युनिटचा 18 रुपये दर फॉर्मवर आधी लिहिलेला होता का ते पाहा. सफाई दोनदा लागली आहे. जास्तीची सफाई का लागली ते सांगितल्याशिवाय ती द्यायची नाही. वाट्या 18 च.

गाद्यांवर काय झालंय? डाग असेल तर खोळ धुऊन निघते का, हा पहिला प्रश्न. धुण्याचा खर्च आणि नवी गादी यात फरक आहे. गादी फाटली असली तरी ती किती जुनी होती ते धरायला हवं. जुनी गादी घालवून नव्या गादीचे पैसे मागता येत नाहीत, भरपाई तेवढीच जेवढं नुकसान.

कार्पेट कशाने जळालं?

मधला_भाऊ

गाद्यांवर हळदीचे डाग आहेत, फोटो दिलाय. फाटलेल्या नाहीत.

कार्पेटचं खरं भांडण आहे. वरमाला घालताना स्टेजच्या दोन्ही बाजूंनी थंड फटाक्यांची कारंजी उडवली, त्याने बशीएवढा भाग जळाला. पण डेकोरेशन कार्यालयाच्याच माणसाकडून घ्यायची सक्ती होती, बाहेरचा चालत नव्हता. कारंजीही त्याच्याच बिलात आहेत. फोटोग्राफरच्या व्हिडिओत त्याचा पोरगा मशीन कार्पेटवर थेट ठेवताना स्पष्ट दिसतोय, खाली पत्राही नाही.

सडेतोड

मग तर कार्पेटचा एक रुपया देऊ नका!

होटगीरोड

यावेळी सडेतोडशी सहमत, पण जपून. डेकोरेशनवाला त्यांनीच लादलेला, बिल त्याचं, मशीन त्यानेच ठेवलं, मग त्याच्या निष्काळजीपणाचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून का? हेच लिहा, सोबत व्हिडिओतला तो फोटो आणि त्याचं बिल जोडा. मूळ व्हिडिओ फोटोग्राफरकडून पेनड्राइव्हवर घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला ठेवू नका. त्यांची बाजू अशी येईल की कारंजी तुम्ही मागवली. त्यात थोडं तथ्य आहे, आयोग तेही ऐकेल. निकाल कुठल्या बाजूला जाईल ते मी छातीठोक सांगणार नाही.

मधला_भाऊ

अपडेट. दुसऱ्या पत्रानंतर मालकांनी स्वतः फोन केला, बोलणं सभ्य होतं. सफाई 3,000 सोडली, वाट्या 1,080 वर आल्या. लाईटचे 2,790 आम्ही मान्य केले, दर फॉर्मवर होता. आज वडिलांच्या खात्यात 12,580 जमा झाले, कशावरही सही न करता. गाद्यांचे 2,550 आणि कार्पेटचे 6,000 मिळून 8,550 राहिले. ते म्हणतात, पूर्ण कार्पेट बदलावं लागतंय, तुकडा जोडता येत नाही.

8,550 साठी ग्राहक आयोगात जाण्यात अर्थ आहे का? वकिलाची फीच जास्त होईल.

होटगीरोड

वकील लागत नाही, स्वतः उभं राहता येतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फीही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नाही. त्याआधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. ती कुणाला हुकूम देत नाही, पण त्यांचा फोन गेला की बरेच मालक मिटवतात.

गाद्यांसाठी धुलाईचं बिल मागा आणि तेवढे देऊ असं कळवा. कार्पेटबाबत म्हणावं, जुनं आमच्यासमोर दाखवा, नवीनचं बिल दाखवा. खरंच बदललं असेल तर जुनं तिथेच पडलेलं असेल.

पार्कचौक

आमच्या ॲडव्हान्सचं अजून काही होईल का?

होटगीरोड

@पार्कचौक तुमचं प्रकरण वेगळं आहे, नवा धागा काढा. करोनातलं असेल तर दोन वर्षांची मुदत आधी बघावी लागेल, पावती सोबत टाका.

मधला_भाऊ

उद्या मामांना घेऊन कार्पेट बघायला जातोय. वडीलही येतो म्हणाले.