मदत हवी आहे : "करून देतो" असं न म्हणता गिऱ्हाईकाला तारीख कशी सांगायची?

शहापूर_बॅटरी
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं इन्व्हर्टर बॅटरीचं दुकान आहे, मी आणि कामाला दोन पोरं. खानापूर तालुक्यातले एक गुरुजी, त्यांनी १४ महिन्यांपूर्वी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी नेलेली. सोमवारी फोन आला, आधी साडेतीन तास चालायची ती आता २० मिनिटांत बसते. मी सवयीनं म्हणून गेलो, होतंय की गुरुजी, दोन दिवसांत करून देतो. आता आमचा टेंपो खानापूर बाजूला जातो मंगळवारी आणि शुक्रवारी, त्या मंगळवारी तो दुसरीकडेच अडकला, बॅटरी आली शुक्रवारी, मग चार्जिंग, मग कंपनीचा माणूस येऊन बघणार, बदलून द्यायची की नाही ते कंपनी ठरवणार, माझ्या हातात काहीच नाही. ११ दिवस गेले. पावसाचे दिवस, तिकडं लाईट किती जाते ते तुम्हाला माहीत आहे. गुरुजी एसटीनं दुकानात आले आणि शांतपणे म्हणाले, नाही होत म्हणाला असतास तर पोरीच्या अभ्यासाला मी दुसरी सोय केली असती. तेच मनाला लागलंय.

तर प्रश्न असा की तक्रार आल्या आल्या व्हॉट्सॲपवर काय लिहायचं, म्हणजे त्याला कळलं पाहिजे की आपण ऐकलंय, पण बॅटरी बदलून मिळणारच असं वाटता कामा नये. आणि वेळ किती सांगायची ती कशावरून ठरवायची?

निपाणी_पेठ
भावा ४८ तासांचा कायदाच आहे. ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. तेच लिहून टाक, कोण काय बोलणार नाही.

टिळकवाडी_सर्व्हिस
निपाणीवाले, ते ४८ तास आणि एक महिना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतलं आहे, ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी. यांचं गल्लीतलं दुकान, यांना तो आकडा तसा लागू नाही. आणि लागू असता तरी अंधारात बसलेल्या माणसाला एक महिना हे उत्तर होत नाही. पोच लगेच द्यायची आणि निकाल वेगळा ठेवायचा हे मात्र तुम्ही बरोबर धरलंय.

शहापूर, मी १६ वर्षं फ्रीज-वॉशिंग मशीनच्या सर्व्हिस सेंटरला तक्रारी घेतल्या. तुमचा घोळ असा झालाय की तुम्ही तीन गोष्टींची एकच तारीख दिलीत. बॅटरी कधी आणणार, तपासून काय निघालं ते कधी सांगणार आणि कंपनी काय ठरवणार. पहिल्या दोन तुमच्या हातातल्या आहेत, त्यांचीच वेळ सांगा. तिसरीची सांगूच नका, फक्त ती कुणाच्या हातात आहे ते सांगा.

वेळ अंदाजानं काढू नका, तक्रारवही काढा. मागच्या २० तक्रारी घ्या आणि फोन आल्यापासून तपासणीचा निकाल गिऱ्हाईकाला सांगेपर्यंत किती दिवस गेले ते लिहा. सरासरी धरू नका, सरासरी धरली की बऱ्याच जणांना तारीख चुकतेच. २० मधल्या १८ ज्या दिवसांत बसतात तो आकडा सांगायचा. गावं आणि शहर वेगळं मोजा.

अनगोळ_७२
मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या बॅटरीला कालपासून सडक्या अंड्यासारखा वास मारतोय आणि हात लावला तर गरम लागते. हे वॉरंटीत बसतं का?

शहापूर_बॅटरी
अनगोळ, वॉरंटीचं राहू द्या, आधी मेन स्विचवरून इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद करा, खिडक्या उघडा, जवळ काडी-उदबत्ती पेटवू नका, पोरांना त्या खोलीत सोडू नका. जास्त चार्ज होऊन वायू सुटत असणार. बॅटरीला हात न लावता ज्यांच्याकडून घेतली त्यांना आजच बोलवा.

टिळकवाडी सर, वही काढली. शहरात १८ जण ३ दिवसांत बसतात. खानापूर बाजूला ६ दिवस लागतात, आणि मी सगळ्यांना दोन दिवस सांगत होतो. खरं तर कमी करता पण येत नाही, कारण उतरलेली बॅटरी तपासून काही कळत नाही, आधी रात्रभर नीट चार्ज करून मग सहाही सेलचं पाणी हायड्रोमीटरनं बघायचं. सगळे सेल सारखेच कमी आले तर बहुतेक वेळा चार्जिंगचाच प्रश्न असतो, बॅटरी चांगली असते. पाच सेल १२४० च्या आसपास आणि एकच ११५० ला अडकला तर सेल गेलाय. आणि कुणी बोअरचं पाणी घातलेलं असलं तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. म्हणून फोनवर होय म्हणताच येत नाही.

असं लिहिलंय, बघा :

"नमस्कार गुरुजी, तुमची तक्रार मिळाली. त्रासाबद्दल माफी असावी, बॅटरी खराब निघाली. मंगळवारी घेऊन जातो, तपासून लवकरात लवकर कळवतो, काळजी करू नका."

टिळकवाडी_सर्व्हिस
मन चांगलं आहे पण तीन ठिकाणी अडकाल. "खराब निघाली" हे न तपासताच कबूल केलंत, उद्या कंपनी नाही म्हणाली तर हाच मेसेज ते दाखवतील आणि त्यांचं बरोबरच असेल. माफी त्रासाची मागा, दोषाची नको. "लवकरात लवकर" म्हणजे गिऱ्हाईक उद्या समजतं आणि तुम्ही आठवडा समजता. "काळजी करू नका" म्हणजे त्याच्या कानाला बदलून देतो असंच ऐकू येतं. मी असं लिहीन :

"नमस्कार गुरुजी. बॅटरी आधी साडेतीन तास चालायची, आता २० मिनिटांत बसते, अशी तक्रार आज सोमवारी सकाळी नोंदवली, वहीत नंबर ४७. पावसात तुमची अडचण होतेय, त्याबद्दल माफी असावी. गाडी मंगळवारी येईल, न आल्यास शुक्रवारी नक्की. चार्ज करून तपासायला एक रात्र आणि एक दिवस लागतो. काय निघालं ते येत्या रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत मी स्वतः फोन करून सांगतो, काम अर्धवट असलं तरी फोन करणार. बदलून मिळेल की नाही ते कंपनी तपासून ठरवते, ते आज मला सांगता येत नाही. तोवर लाईटची दुसरी सोय करून ठेवावी ही विनंती."

त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत परत लिहिली की ऐकलं हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि रविवारचा फोन चुकवायचा नाही, कळलं नसेल तर "अजून कळलं नाही, आता बुधवारी सांगतो" एवढं तरी सांगायचंच. माझ्याकडं चिडून आलेल्यांतले बरेच जण मशीनपेक्षा आमचा फोन आला नाही म्हणून आलेले होते.

कित्तूर_रोड
कन्नड गिऱ्हाईकांचं पण बघा. तुमची पोरं "आगतैतरी" म्हणून मोकळी होत असतील, म्हणजे होतंय की हो, तिथंच वचन गेलं. त्यांना "नोडी हेळतीवरी" म्हणायला शिकवा, बघून सांगतो. आम्ही पंप रिवाइंडिंगच्या दुकानात तसंच केलंय.

शहापूर_बॅटरी
होय की, आमचा एक पोरगा अगदी तेच म्हणतो. उद्यापासून फोनजवळ लिहूनच लावतो. एक राहिलं, गुरुजींसारख्यांना तोवर दुसरी बॅटरी द्यावी का? माझ्याकडं स्टँडबाय दोनच आहेत.

टिळकवाडी_सर्व्हिस
मेसेजमध्ये लिहू नका, तेही वचनच होतं. ज्याच्या घरी आजारी माणूस किंवा परीक्षा आहे त्याला फोनवर विचारून द्या.

निपाणी_पेठ
मला नाही पटत. एकाला दिली की गावभर होते, मग सगळे मागतात. आमच्याकडं म्हणून बंदच केली.

शहापूर_बॅटरी
दोघांचं पटतंय, ठरत नाही. गुरुजींना मात्र आजच्या टेंपोनं एक पाठवली.