म्युनिकमध्ये खरं आमसूल आणि गोडा मसाला कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही नुकतेच म्युनिकला शिफ्ट झालोय, हाउप्टबानहोफजवळची इंडियन दुकानं पालथी घातली पण आमसूल म्हणून जे हातात देतात ते केरळची कुडमपुळी निघते, काळीकुट्ट आणि धुराचा वास, माशांच्या कालवणात एकवेळ चालेल पण सोलकढी कशी करणार? खरं आमसूल कोमट पाण्यात अर्धा तास टाकलं की पाणी मस्त लालगुलाबी होतं, याचं नुसतं तपकिरी झालं. गोड्या मसाल्याचंही तेच, मागितला की गरम मसाला पुढे करतात, त्यात ना दगडफूल ना तीळ-खोबरं, आमटीला ती चवच येत नाही.

तर कुणाला इथलं एखादं गुजराती किंवा मराठी दुकान माहितीये का? की जर्मनीत घरपोच पाठवणारं कुणी? नसेल तर दगडफूल सुटं कुठे मिळेल तेवढं सांगा, मसाला घरीच भाजेन. भाजणी आणि बाकरवडीचं पण कळलं तर सोन्याहून पिवळं. आईबाबा दिवाळीला येतायत, पण त्यांची अर्धी बॅग औषधांचीच असते हो.