मदत हवी आहे: वर्गासाठी सारांश लिहिताना पुस्तकाचीच वाक्यरचना येते

अकरावीच्या जीवशास्त्राचे सारांश आम्ही पाच जण आळीपाळीने लिहून वर्गात वाटतो. एका धड्याला एकच पान, मराठीतून. माझ्याकडे परासरण आहे.

पहिल्या खेपेला पुस्तक समोर ठेवून शब्द बदलले, ‘पटल’चं ‘पडदा’, ‘प्रवाह’चं ‘वाहणं’. मैत्रिणीने शेजारी पुस्तक धरलं तर वाक्यांचा क्रम, अगदी स्वल्पविरामसुद्धा तेच. ती नक्कलच होती.

मग पुस्तक मिटलं, तासाभराने आठवून लिहिलं: “मनुका पाण्यात फुगतात, कारण आत साखर जास्त आणि पाण्याचं प्रमाण कमी. सालीतून पाणी आत शिरतं, साखर मात्र सहजी बाहेर येत नाही.” नंतर पुस्तकाशी ताडून चुका तपासल्या. हे माझं वाटतं, पण मनुकांचं उदाहरण आणि मुद्द्यांचा क्रम पुस्तकाचाच आहे. ‘अर्धपार्य पटल’सारख्या संज्ञा बदलता येत नाहीत, बदलल्या तर अर्थच बिघडतो. व्याख्या जशीच्या तशी घेतली तिथे अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक दिलाय.

शेवटी “आधार: पाठ्यपुस्तक, धड्याचं नाव, पानं” अशी एक ओळ आहे. वाक्यं माझी, पण उदाहरण आणि क्रम पुस्तकाचा, अशा परिच्छेदाला ही एक ओळ पुरते का, की तिथल्या तिथे वेगळा उल्लेख हवा? आणि क्रमही बदलायलाच हवा का?