शब्दचर्चा : डिअर, हाय, हॅलो आणि न कळणारी 'आंद्रेआ'

कोथरूडची मावशी
भाची मृणाल झुरिकजवळच्या एका प्रयोगशाळेत इंटर्नशिपसाठी अर्ज करतेय. अर्ज ज्यांच्याकडे पाठवायचाय त्यांचं नाव आंद्रेआ केलर (आडनाव मी बदललंय). नावामागे डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही, फोटो नाही. हुद्दा 'कोऑर्डिनेटर', म्हणजे त्यातूनही काही कळत नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक सीसीमध्ये राहणार.
मृणालने लिहिलं होतं 'हाय आंद्रेआ'. मी म्हटलं, अगं ओळख ना पाळख, 'डिअर' लिही. तर म्हणते, "मावशी, डिअर म्हणजे प्रिय. अनोळखी माणसाला प्रिय कसं म्हणू? कसंतरीच वाटतं." आता मलाही कसंतरीच वाटायला लागलंय. मायना काय घालावा?

हेडक्लार्क (निवृत्त)
यात विचार करण्यासारखं काय आहे? 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. चौतीस वर्षं पत्रं टाइप केली, कुणी नाव ठेवलं नाही. आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'. लक्षात ठेवा, वर 'डिअर सर' असेल तर खाली फेथफुली, वर आडनाव असेल तर खाली सिन्सिअरली. हल्लीच्या मुलांना हे कुणी शिकवत नाही.

भाषांतरवाली
काका, फेथफुली-सिन्सिअरलीची जोडी अगदी बरोबर. ब्रिटिश पत्रव्यवहारात ती अजून पाळतात. पण त्यातलं फेथफुली जिथे नाव माहीत नाही तिथलं. इथे नाव माहीत आहे. नाव समोर असताना 'सर/मॅडम' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, हेच पत्र पन्नास ठिकाणी गेलं असणार. आणि 'रिस्पेक्टेड' हे आपल्या 'माननीय'चं भाषांतर आहे. आपल्याकडे ते आदराचं वाटतं, तिकडचा माणूस मात्र पत्राच्या सुरुवातीला त्याची अपेक्षाच करत नाही.

मावशी, तुमच्या भाचीची शंका मात्र खरी मराठी आहे. आपला मायना नातं सांगतो. धाकट्याला 'चि.' आणि अनेक उत्तम आशीर्वाद, वडीलधाऱ्यांना 'ती.' आणि साष्टांग नमस्कार, बरोबरीच्या मित्राला 'प्रिय'. त्यामुळे 'डिअर' दिसलं की आपलं मन लगेच नातं शोधायला लागतं. पण सोसायटीची थकबाकीची नोटीस आठवा. तिच्यातही वर 'स.न.वि.वि.' असतं. सप्रेम नमस्कार विनंती विशेष, आणि खाली दंडाची रक्कम! त्या 'सप्रेम'मध्ये प्रेम किती असतं? पत्रावरच्या 'डिअर'मध्ये तेवढंच. पत्राला सुरुवात झाली, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. वकिलाच्या नोटिशीतही ते असतं.

उलट 'हाय' अजून जिवंत आहे. त्यात खरोखर सलगी आहे. म्हणून आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलटं गणित आहे: अनोळखी माणसाला 'डिअर' कोरडं आणि 'हाय' जवळचं.

हिंजवडी फेज टू
आमच्याकडे सगळे एकमेकांना हायच लिहितात. मॅनेजर मला रात्री अकराला नुसतं 'हाय' पाठवतो आणि पुढे काहीच नाही. 'टायपिंग' दिसत राहतं. मी काय समजायचं? यावर उपाय सांगा.

भाषांतरवाली
ते चॅट झालं हो, इथे अर्जाचं चाललंय. पण तुमच्या ऑफिसातलं 'हाय सर' हा मात्र चर्चेचा विषय आहे! एका पायात चप्पल, एका पायात बूट.

हेडक्लार्क (निवृत्त)
'हॅलो'चं काय मग? ते फोनवर बोलायचं, लिहायचं नव्हे. एडिसनने टेलिफोनसाठी काढलेला शब्द आहे तो.

भाषांतरवाली
अर्धं बरोबर, काका. एडिसनने 1877 मध्ये एका पत्रात टेलिफोनसाठी 'हॅलो' सुचवला हे खरं. बेल साहेबांना 'अहोय' हवा होता. पण शब्द एडिसनने काढला नाही, हाक मारायला तो आधीपासून होता. आणि आता ईमेलमध्ये तो सर्रास लिहितात. डिअर आणि हायच्या मधली पायरी म्हणा. आपला 'नमस्कार' जिथे बसतो साधारण तिथेच तो बसतो: ग्राहक सेवेला, ऑफिसच्या कॉमन पत्त्यावर, जिथे पलीकडे कोण बसलंय माहीत नाही तिथे. नुसतं 'हॅलो,' लिहूनही चालतं. 'डिअर,' एवढंच लिहिलंत तर मात्र पंचाईत. तिथे ते खरंच 'प्रिये' होतं.

किरण (पुरुष!)
मूळ प्रश्न राहिला बाजूला. आंद्रेआ बाई की बुवा? मला कळकळ आहे, कारण माझं नाव किरण. परदेशातून मला कायम 'डिअर मिस किरण' येतं. त्यात पासपोर्टावर 'गिव्हन नेम' या रकान्यात किरण सुरेश आहे, त्यामुळे एका कॉन्फरन्सने बॅज छापला 'मिस्टर सुरेश'. वडील घरी पोहे खात होते तेव्हा.
मी शोधलं, आंद्रेआ जर्मनमध्ये बायकांचं नाव आहे. म्हणजे 'डिअर मिस केलर'. मिटलं.

भाषांतरवाली
नाही मिटलं. जर्मनीत असतं तर बहुतेक मिटलं असतं. इटालियनमध्ये आंद्रेआ पुरुषाचं नाव आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'पुरुष'. आणि हे झुरिक आहे. स्वित्झर्लंडमध्ये तिचिनो भागात इटालियन चालतं, ग्राउब्युंडेनमध्ये रोमान्श, आणि दोन्हीकडे आंद्रेआ नावाचे बुवा असतात. केलर हे जर्मन आडनाव, पण आई तिकडची असेल तर? नावावरून पैज लावू नका.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले तेव्हा आमच्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती, ती अजून वापरते. त्याच माणसाबद्दल त्या संस्थेचं जर्मन पान उघडायचं. इंग्रजीत 'कोऑर्डिनेटर' दोघांनाही चालतं, जर्मनमध्ये बाई असेल तर बहुधा शेवटी 'इन' लागतं: कोऑर्डिनाटोरिन, लाइटरिन, प्रोफेसोरिन. मात्र हल्ली बरीच पानं 'कोऑर्डिनाट्सिओन', म्हणजे नुसतं 'समन्वय', असं लिहितात. मग त्यातून काही कळत नाही.

कोथरूडची मावशी
बघितलं. 'कोऑर्डिनाट्सिओन'च आहे! आता?

भाषांतरवाली
मग लिंगाचा प्रश्नच टाळायचा. जर्मनमध्ये ते अवघड, कारण तिथे 'आदरणीय' हे विशेषणच स्त्री-पुरुषाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत सोपं: 'डिअर आंद्रेआ केलर,' असं पूर्ण नाव. मिस्टर नाही, मिझ नाही, सर नाही.
सीसीतल्या प्राध्यापकांचं नाव मायन्यात घालायची गरज नाही. त्यांना स्वतंत्र पत्र गेलं तर 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव. प्राध्यापक, डॉक्टर या पदव्या म्हणूनच सोयीच्या: त्यांना लिंग नसतं. फक्त जर्मन पद्धतीने 'प्रोफेसर डॉक्टर' अशी रांग इंग्रजीत लावू नये, वरची एक पुरे.

हेडक्लार्क (निवृत्त)
मिझ म्हणजे कुमारीच ना? मग लग्न झालेल्या बाईला कसं चालेल?

भाषांतरवाली
कुमारी म्हणजे मिस. मिझ वेगळं, लग्न झालंय की नाही ते सांगत नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात रुळलं. आपल्याकडे असा शब्द असता तर बरं झालं असतं. कु. लिहा, सौ. लिहा, नाहीतर श्रीमती. आणि श्रीमती लिहिलं की पुण्यातल्या अर्ध्या बायका म्हणतात, "अहो, माझे मिस्टर आहेत अजून!" हिंदीत तोच शब्द सौभाग्यवतीला लावतात.

किरण (पुरुष!)
पूर्ण नावाचा मायना मला तरी यंत्राने भरल्यासारखा वाटतो. 'डिअर किरण सुरेश, तुमचं कर्ज मंजूर झालंय.' ते वाचून कोण खूश होणार?

भाषांतरवाली
मान्य, थोडं तसं वाटतं. म्हणून पहिल्याच वाक्यात असं काही लिहायचं जे यंत्र लिहिणार नाही. त्या प्रयोगशाळेच्या कुठल्या कामासाठी अर्ज करतेय ते थेट. पण चुकीच्या 'मिस्टर'पेक्षा कोरडं पूर्ण नाव बरं, असं माझं मत. माझी एक सहकारी अशा वेळी 'हॅलो आंद्रेआ केलर' लिहिते, तिला त्यात यांत्रिकपणा कमी वाटतो. मला जास्त वाटतो. यावर आमचं दहा वर्षांत एकमत झालेलं नाही.

हिंजवडी फेज टू
नुसतं 'डिअर आंद्रेआ' का नको? तिकडे सगळे पहिल्या नावानेच हाक मारतात.

भाषांतरवाली
अमेरिकेतल्या स्टार्टअपला चालेल. जर्मनभाषक प्रदेशात मात्र अरे-तुरे कधी सुरू करायचं ते बहुधा वडीलधारं माणूस किंवा वरच्या हुद्द्यावरचं सुचवतं, आणि इंग्रजीत लिहितानाही ती सवय डोकावते. वाट बघायची. उत्तराखाली सही काय येते ते बघायचं. नुसतं 'आंद्रेआ' आलं तर पुढच्या पत्रात 'डिअर आंद्रेआ'. पूर्ण नाव आलं तर आपणही तसंच.

हेडक्लार्क (निवृत्त)
आमच्या वेळी सही वाचताच येत नसे, त्यामुळे हा प्रश्न नव्हता.

कोथरूडची मावशी
आठवड्याने येतेय. 'डिअर आंद्रेआ केलर' असाच अर्ज गेला आणि काल उत्तर आलं! मुलाखत पुढच्या मंगळवारी, आपल्याकडच्या दुपारी. मायना काय होता सांगू? 'डिअर मृणाल' आणि पुढे तिचं आडनाव. मिस नाही, मिझ नाही. खाली सही पूर्ण नावाची.

किरण (पुरुष!)
म्हणजे तिकडेही कुणीतरी बसून विचार करत होतं की मृणाल बाई की बुवा! मृणाल सेन आठवले असतील.

कोथरूडची मावशी
अगदी! आता ती म्हणते, मुलाखतीत कॅमेरा चालू होईल तेव्हा दोघांनाही कळेल. पण कॅमेरा सुरू झाल्याबरोबर तोंडाने काय म्हणायचं? 'हॅलो' की 'गुड मॉर्निंग'? तिकडे सकाळ असेल, इथे दुपार.

हेडक्लार्क (निवृत्त)
हॅलो. मी म्हटलंच होतं, ते बोलायचंच आहे.