मदत हवी आहे: अकोल्यात पश्चिमेची भिंत कशाची बांधू? लाल वीट, पोकळ ब्लॉक की एएसी?

खोलेश्वरकर
नमस्कार मंडळी. अकोल्याच्या बाहेर प्लॉटवर तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. कॉलम-बीम उभे झालेत, खालचा स्लॅब पडलाय, आता भिंती घ्यायच्या. मिस्त्री म्हणतो लाल वीटच घ्या. ठेकेदार म्हणतो एएसी, म्हणजे तो हलका सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक, काम महिनाभर लवकर उरकेल. साळा म्हणतो सिमेंटचा पोकळ ब्लॉक, कारण आत हवा असते म्हणून गार राहतो.

खरी अडचण वरच्या मजल्यावर आहे. बाबांची बेडरूम पश्चिमेला येते, वास्तूमुळे नाही, रस्ता तिकडे आहे म्हणून. सध्याच्या भाड्याच्या घरात नऊ इंची विटेची पश्चिम भिंत आहे. मे महिन्यात रात्री अकराला तिला हात लावला तर तव्यावरून नुकतीच भाकरी काढल्यासारखी लागते. बाबा पलंग ओढून मधोमध झोपतात. नव्या घरात हे नको आहे. तिन्हींपैकी काय घेऊ?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, सरळ फ्लाय ॲशची वीट घ्या. इकडे सगळे तीच वापरतात, स्वस्त पडते, प्लास्टर कमी लागतं. आम्ही अख्खी कंपाउंड वॉल तिची बांधली, एकही तक्रार नाही.

खोलेश्वरकर
दादा, कंपाउंडच्या आत कोणी झोपत नाही ना :) मला खोलीची उष्णता विचारायची आहे.

चिंचेची_सावली
आमच्या आजोळी दोन हात जाड मातीच्या भिंती होत्या, भर उन्हाळ्यात घर थंडगार. जाड आणि जड भिंत म्हणजे गारवा, हे साधं आहे. हलका ब्लॉक काय गार ठेवणार? माझं मत विटेला.

ओळंबा
सावलीताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. जड भिंत उष्णता अडवत नाही, ती उशिरा आत सोडते. नऊ इंची विटेत बाहेरचं ऊन आत पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन चार-पाचला सगळ्यात जास्त, म्हणजे आत पोचतं रात्री अकरा-बाराला. खोलेश्वरकरांच्या हाताला लागतं ते हेच. दोन हात जाड मातीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि रात्री हवा गार असली तर खिडक्या उघडून भिंत पुन्हा थंड करता येते. नवतपात अकोल्याची रात्र तेवढी उतरत नाही, पारा तिशीच्या आसपास अडतो. मग भिंत पहाटेपर्यंत तापलेलीच राहते आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन त्यावर चढतं.

पोकळ ब्लॉकबद्दल: आत हवा असते हे खरं, पण त्या पोकळीत हवा फिरते, आणि दोन बाजूंना जोडणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यांतून उष्णता सरळ आत येते. आठ इंची पोकळ ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेइतकीच तापते, कधी जास्तच. त्यात मिस्त्रीने मसाला पोकळीत कोंबला तर उरलेला फायदाही गेला.

एएसीत हवा बारीक बुडबुड्यांत कोंडलेली असते, फिरत नाही. आता तुमच्या खोलीचा ढोबळ हिशोब बघा. पश्चिम भिंत १२ × १० फूट धरली आणि बाहेरचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा सरासरी १५ अंशांनी गरम धरला, तर प्लास्टरसकट नऊ इंची विटेतून सव्वातीनशे वॅटच्या आसपास उष्णता आत येते. आठ इंची एएसीतून सव्वाशे-दीडशे. फरक मोठा आहे. पण थांबा, वरचा मजला आहे ना? १२ × १४ फुटांचा नुसता पाच इंची स्लॅब असेल तर तिथून हजार वॅटच्या वर येतात. भिंतीवर पैसे घालून गच्ची तशीच सोडली तर बाबांना फरक जाणवणार नाही. आधी गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्स किंवा निदान चुन्याचे दोन हात, मग भिंत.

साइटवरचा
एएसीची दुसरी बाजू मी सांगतो, मागच्या वर्षी भोगलीय. मिस्त्रीने विटेच्या सवयीने ब्लॉक टाकीत बुडवून लावले. भिंत वाळली तशी आक्रसली आणि प्लास्टरवर पायऱ्यांसारख्या चिरा उमटल्या, अगदी ब्लॉकच्या सांध्यांच्या वाटेने. कॉलमजवळ उभी सरळ फट वेगळीच, तिथे जाळी मारली नव्हती. आणि कूलरचा स्टँड! खिडकीशेजारी साध्या प्लगवर ठोकला, टाकी भरली की निखळून आला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. आता स्टँड खिडकीच्या काँक्रीट पट्टीला आहे.

खोलेश्वरकर
बापरे. मग फक्त पश्चिम भिंत एएसीची आणि बाकी विटेच्या, असं चालेल का? ठेकेदार म्हणतो, मिसळ नको.

ओळंबा
चालेल, दोन साहित्यं कॉलमपाशी भेटली पाहिजेत, भिंतीच्या मध्ये नको. कॉलमच्या दोन्ही अंगांना जाळी घालून मगच प्लास्टर. ब्लॉक बुडवायचे नाहीत, नुसता ओला ब्रश फिरवायचा. सांध्यात जाड मसाला न घालता पातळ ॲडेसिव्ह.

साइटवरच्याच्या चिरांचं आणखी एक कारण असू शकतं: ब्लॉक मुळात ओले आले असतील. कारखान्यातून ताजे निघालेले ब्लॉक बरंच पाणी घेऊन येतात. ओळखायला वजनकाटा पुरे. २४ × ८ × ८ इंचांचा ब्लॉक कोरडा असेल तर साधारण साडेचौदा-साडेपंधरा किलो भरतो. अठरा-एकोणीस भरला तर लावू नका.

शिवाय चाचणी अहवाल मागा. त्यावर आयएस २१८५ चा भाग ३ लिहिलेला असेल तर वाफेच्या दाबाखाली पक्का केलेला खरा एएसी. भाग ४ असेल तर तो फेसाचा ब्लॉक, दिसायला तसाच, पण वाळताना जास्त आक्रसतो. बाजारात दोन्ही ‘हलका ब्लॉक’ म्हणूनच विकतात.

गवंडीपुत्र
आमच्याकडे काळी माती. पाया हलला की एएसीवर चिरा लवकर दिसतात, विटेत मसाल्याचे सांधे जास्त म्हणून थोडं सामावून जातं. तेही धरा हिशोबात.

ओळंबा
काळ्या मातीत बाजू दोन्हीकडे आहे. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची विटेची भिंत चार टनांच्या घरात जाते, एएसीची दीडच्या आत. पायावरचा भार कमी होतो. पण पाया मुळातच उथळ असेल तर हलकी भिंतही वाचवणार नाही. हे इथे बसून सांगता येत नाही, तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा.

चिंचेची_सावली
आणि कूलर लावणार की एसी? कूलरला खिडकी उघडी लागते, मग भिंत कितीही चांगली असली तरी लू आत येणारच ना?

ओळंबा
एसीत एएसीचा फायदा वीजबिलात दिसतो. कूलरच्या घरात दुपारी कमीच. पण कूलर बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर, भिंत अंगावर येत नाही. तेवढ्यासाठी किती मोजायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

खोलेश्वरकर
आज डीलरकडे रद्दीवाल्याचा काटा घेऊन गेलो, लोक हसले. तीन ब्लॉक तोलले: १९.२, १८.८, १९.५ किलो. अहवालावर भाग ३ आहे. डीलर म्हणतो, पावसात भिजलेत, लावा बिनधास्त, भिंतीतच वाळतील.

साइटवरचा
माझ्या डीलरनेही हेच म्हटलं होतं.

ओळंबा
माल चांगला आहे, घाई नको. फळ्यांवर उचलून रचा, वरून ताडपत्री, बाजू मोकळ्या. दोन ब्लॉकवर खडूने खूण करून दर रविवारी तोला. सोळाच्या खाली आले की मिस्त्रीला बोलवा.

खोलेश्वरकर
ठीक. तोवर गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचं काम काढतो. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, ‘आधी पंखा तरी लाव.’