सासूबाई, खोलीचं दार आणि माझं कपाट: तुमचे अनुभव सांगा

लग्नाला पाच महिने झालेत. सासूबाई दुष्ट नाहीत, पण घरातलं पानही त्यांच्या मर्जीशिवाय हलत नाही. आमच्या खोलीत थेट दार ढकलून येतात. परवा कामावरून आले तर माझं कपाट नव्याने लावलेलं, अगदी आतल्या कपड्यांच्या घड्यांसकट. "पसारा होता, आवरला." मी थँक्यू म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. एकत्रच राहायचंय. न भांडता हे कुणी थांबवलंय का?

मधली सून: डिट्टो! आमची पहिली खेप फसली. नवरा आईला म्हणाला, "तिला आवडत नाही." झालं, आठवडाभर अबोला. मग मी घरात नसताना तो एकटाच बोलला, "आई, आत येताना दार वाजव, मला अवघडल्यासारखं होतं." 'तिला' नाही, 'मला'. त्यांनी दार वाजवलं की मी लगेच उघडायचे, बसा म्हणायचे. दार लागलं की मुलगा दुरावला, ही धास्ती होती त्यांना.

कपाटाचं मात्र मीच बोलले. "आई, माझे कपडे मीच लावते, नाहीतर मला सापडत नाहीत." आधी मी चार कारणं द्यायचे, त्या चारही खोडून काढायच्या. आता एकच. पंधरा दिवसांनी पुन्हा आवरलं, मी पुन्हा तेच वाक्य, आवाज न चढवता. तीनेक महिने गेले. दार अजूनही कधीतरी ढकलतात, खोटं कशाला सांगू.

स्पष्टवक्ती: एवढे सोपस्कार कशाला? कपाटाला कुलूप लावायचं, विषय संपला.

मधली सून: लावलं होतं. "आम्ही चोर का?" हे सगळ्या नातेवाइकांत फिरलं. कपडे वाचले, बाकी वाढलं.

घरटं: कपाट लहान पडतंय का? आम्ही दुसरं घेतलं, पसाराच होत नाही.

एक सासू: मीही सुनेचं कपाट लावायचे, मदत म्हणून. मुलाने सांगितलं तेव्हा जास्त लागलं. तिनेच सांगायचं होतं.

मधली सून: काकू, सुनेने सांगितलं तर उद्धट ठरते हो.

एक सासू: ठरते. तरीही.

अबोली: माझ्याकडे फोन तपासणं, पगार काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, इथवर गेलं होतं. तिथे गोड वाक्यं चालली नाहीत, कारण नवराच त्यांच्या बाजूने होता. मी बहिणीला सगळं सांगून ठेवलं आणि बाहेर पडले. दार-कपाट आणि हे एकाच मापाने मोजू नका.

मूळ धागाकर्ती: रात्री नवऱ्याशी बोलले. म्हणतो, "आईला वाईट वाटेल." म्हटलं, वाटेल. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "नेमकं काय बोलू?" 'मला' असलेलं वाक्य सांगितलंय. शनिवारी मी मैत्रिणीकडे जाते आहे.